जर्मन ताळेबंद मराठी लेखापालाच्या टेबलावर

पुण्याच्या भारत फोर्जने 2004 साली जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाऊस ही फोर्जिंग कंपनी घेतली. तिच्या आधी आणि नंतरही चाकण, पिंपरी, कोल्हापूर, नाशिक इथल्या कितीतरी लहानमोठ्या उद्योगांनी युरोपात उपकंपन्या घेतल्या किंवा उभ्या केल्या. अशा व्यवहाराच्या बातम्या होतात, सह्यांचे फोटो छापून येतात. त्यानंतरचं वर्षानुवर्षांचं काम मात्र हिशेब विभागातल्या एखाद्या टेबलावर येऊन पडतं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 129(3) प्रमाणे मूळ कंपनीला उपकंपन्यांसह एकत्रित ताळेबंद करावा लागतो. म्हणजे दरवर्षी कुणीतरी तो जर्मन ताळेबंद वाचायचा, त्यातली प्रत्येक ओळ आपल्या शेड्यूल तीनमधल्या योग्य शीर्षकाखाली न्यायची. आमच्या धंद्यात याला साधा शब्द आहे: ग्रुपिंग. मी हे काम बरीच वर्षं करतो आहे, आणि त्यात लोक कुठे अडखळतात हे मला पाठ झालं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे जर्मन न येणाऱ्या माणसालाही जर्मन ताळेबंद बऱ्यापैकी वाचता येतो. याचं कारण त्यांचा व्यापारी कायदा. हांडेल्सगेझेट्सबुख हे त्याचं नाव, सगळे त्याला एचजीबी म्हणतात. तो 1 जानेवारी 1900 पासून अमलात आहे. त्याच्या कलम 266 मध्ये ताळेबंदाचा साचा ठरवून दिला आहे: आधी अक्षर, मग रोमन आकडा, मग साधा आकडा. मालमत्तेच्या बाजूला अ म्हणजे स्थिर मालमत्ता, ब म्हणजे चल मालमत्ता. ब मधला पहिला रोमन आकडा मालाच्या साठ्याचा, दुसरा येण्यांचा, तिसरा रोख्यांचा, चौथा रोख आणि बँकेतल्या शिलकेचा. कंपनी हॅम्बुर्गची असो की म्युनिकची, क्रम हाच. फक्त एक ध्यानात ठेवायचं. ज्या ओळीत दोन्ही वर्षी काहीच रक्कम नाही ती गाळायची मुभा आहे, आणि मग खालचे आकडे सरकतात. म्हणून गेल्या वर्षीची एक्सेल शीट क्रमांकावरून जुळवू नये, नावावरून जुळवावी.

आपल्या गृहनिर्माण संस्थेचा ताळेबंद पाहिलेल्याला आणखी एक गोष्ट उलटी दिसेल. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत डावीकडे भांडवल आणि देणी, उजवीकडे मालमत्ता आणि येणी. जर्मन कागदावर डावीकडे आक्टीव्हा म्हणजे मालमत्ता, उजवीकडे पासीव्हा म्हणजे भांडवल आणि देणी. आकड्यांची विरामचिन्हंही उलटी. हजारासाठी टिंब, दशांशासाठी स्वल्पविराम. घाईत टाइप करताना 1.250 हे सव्वा वाटतं, ते असतं साडेबाराशे. आणि कागदाच्या डोक्यावर ‘हजार युरोत’ अशी बारीक खूण असेल तर ते साडेबारा लाख. या चुका पहिल्या दिवशी होतात, बेरीज जुळत नाही, आणि लगेच सापडतात. मला काळजी वाटते ती बेरीज जुळूनही राहणाऱ्या चुकांची. त्यासाठी एक नमुन्याचा ताळेबंद डोळ्यासमोर घेऊ.

समजा, यंत्रं बनवणारी एक जर्मन जीएमबीएच आहे, म्हणजे आपल्याकडची प्रायव्हेट लिमिटेड. तिच्या डाव्या बाजूला स्थिर मालमत्ता 36 लाख युरो, मालसाठा निव्वळ 23 लाख, येणी साडेएकोणतीस लाख, बँकेत 4 लाख, आगाऊ भरलेला खर्च 50 हजार. एकूण 93 लाख. उजवीकडे भांडवल आणि साठलेला नफा मिळून 25 लाख, त्याखाली ‘रूकश्टेलुंगन’ नावाची 24 लाखांची ओळ, आणि त्याखाली 44 लाखांची देणी. हेही 93 लाख. कागद स्वच्छ आहे, जुळलेला आहे.

या 24 लाखांपासून सुरुवात करू, कारण सर्वात महाग चूक इथे होते. जर्मन ताळेबंदात दोन शब्द शेजारी शेजारी राहतात: रूकलागन आणि रूकश्टेलुंगन. दोन्हींचा पहिला भाग एकच, त्याचा अर्थ मागे. एक म्हणजे मागे राखलेलं, दुसरं म्हणजे मागे काढून ठेवलेलं. शब्दकोश घेऊन बसलं तर दोन्हीला ‘राखीव’ म्हणावंसं वाटतं. मी तपासायला घेतलेल्या कितीतरी भाषांतरांत दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द दिसला आहे. पण हिशेबाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जाती आहेत. रूकलागन हा आपला राखीव निधी. तो मालकांचा, भांडवलाच्या घरातला. रूकश्टेलुंगन म्हणजे तरतूद. ती दुसऱ्या कुणाला तरी द्यायची आहे, फक्त नेमकी किती आणि कधी हे अजून ठरलेलं नाही.

आता ते 24 लाख चुकून राखीव निधीत नेले तर काय होतं बघा. कंपनीचं नेटवर्थ 25 लाखांवरून 49 लाखांवर जातं. तिच्यावर बँकेचं कर्ज 26 लाखांचं आहे. खरं पाहता कर्ज स्वतःच्या भांडवलापेक्षा किंचित जास्त आहे. चुकीच्या ग्रुपिंगमध्ये ते भांडवलाच्या जेमतेम अर्ध्यावर दिसतं. बँकेतला अधिकारी हाच आकडा पाहून पुढचं कर्ज मंजूर करतो. दोन्ही बाजू 93 लाखांवर जुळलेल्याच राहतात, त्यामुळे कुठलीही आपोआप होणारी तपासणी ही चूक धरून देत नाही. ती धरायची एकच खूण आहे. जर्मन साच्यात राखीव निधी भांडवलाच्या अ या अक्षराखाली रोमन दोन आणि तीनला येतो. तरतुदींना स्वतःचं अक्षर आहे, ब. शब्दावर विश्वास बसत नसेल तर अक्षर बघा.

तरतूद म्हणून ओळखली की काम संपलं असंही नाही. या 24 लाखांपैकी 14 लाख निवृत्तिवेतनाचे. जुन्या जर्मन कंपन्या आपल्या कामगारांना स्वतः पेन्शन देण्याचं वचन देत आल्या, ते वचन इथे बसलेलं असतं. आपल्याकडे ते ग्रॅच्युइटीच्या शेजारी, कर्मचारी लाभांच्या तरतुदीत जातं, आणि पुढच्या वर्षभरात द्यायचा भाग वेगळा काढावा लागतो. तो भाग किती हे पेन्शनचं गणित करणाऱ्या ॲक्च्युअरीच्या अहवालातून मिळतं. आपल्या नमुन्यात तो 1 लाख धरू. पुढे 1 लाख प्राप्तिकराचे. आणि उरलेले 9 लाख ‘इतर तरतुदी’.

या इतर तरतुदींचं पोट फोडल्याशिवाय पुढे जाऊ नये. फोड मागवली की साधारण असं दिसतं: यंत्रांच्या वॉरंटीसाठी साडेतीन लाख, कर्मचाऱ्यांच्या शिल्लक रजेचे दीड लाख, बोनसचे 1 लाख, न आलेल्या बिलांचे अडीच लाख, वार्षिक हिशेब आणि ऑडिटच्या खर्चाचे 50 हजार. वॉरंटी आणि रजा आपल्याकडेही तरतुदीच. पण माल आला, काम झालं, फक्त पुरवठादाराचं बिल 31 डिसेंबरपर्यंत पोचलं नाही, तर जर्मन लेखापाल ते तरतुदीत टाकतो. आपल्याकडे अशी रक्कम क्रेडिटर्सबरोबर दाखवायची पद्धत आहे, कारण ती द्यायची आहे यात काही शंका उरलेली नसते. ऑडिट फीचंही तसंच. म्हणजे 3 लाख तरतुदींतून काढून व्यापारी देण्यांत न्यायचे, बोनसचा 1 लाख इतर चालू देण्यांत. एका जर्मन ओळीच्या चार-पाच भारतीय ओळी होतात.

आता डाव्या बाजूला मालसाठ्याकडे वळू. माझ्या मते जर्मन ताळेबंदातली सर्वात शिकण्यासारखी जागा ही आहे. आपल्या नमुन्यात मालसाठा निव्वळ 23 लाख आहे. त्याच्या आत पाहिलं तर कच्चा माल 9 लाख, अर्धवट तयार यंत्रं 25 लाख, तयार माल 6 लाख, पुरवठादारांना दिलेले आगाऊ पैसे 2 लाख. बेरीज 42 लाख. आणि त्याखाली एक उणे आकडा: 19 लाख. त्या ओळीचं नाव ‘एरहाल्टने आनत्सालुंगन’, मिळालेल्या आगाऊ रकमा. यंत्राची ऑर्डर देताना गिऱ्हाइकाने तीस-चाळीस टक्के आधी भरलेले असतात. ते पैसे यंत्र पोचेपर्यंत कंपनीचं देणं आहे. एचजीबीचं कलम 268 अशा रकमा देण्यांत दाखवण्याऐवजी मालसाठ्यातून उघडपणे वजा करायची मुभा देतं, आणि यंत्रं बनवणारे ती आवडीने घेतात. कारण सरळ आहे: ताळेबंद लहान होतो आणि भांडवलाचं प्रमाण चांगलं दिसतं. 93 लाखांवर 25 लाख म्हणजे जवळजवळ 27 टक्के.

आपल्या साच्यात मालसाठा असा वजा करून दाखवता येत नाही. म्हणून 19 लाख उचलून उजवीकडे, गिऱ्हाइकांकडून आलेल्या आगाऊ रकमांत न्यायचे. मालसाठा होतो 40 लाख. पुरवठादारांना दिलेले 2 लाखही साठ्यात बसत नाहीत, ते दिलेल्या आगाऊ रकमांत जातात. आता एकूण ताळेबंद 93 लाखांचा उरत नाही, 1 कोटी 12 लाखांचा होतो. नव्या माणसाला इथे घाम फुटतो. मूळ कागदावर जर्मन ऑडिटरची सही आहे आणि माझी बेरीज तिच्याशी जुळत नाही, मग मीच चुकलो असेन, असं त्याला वाटतं. तो चुकलेला नसतो. फरक बरोबर 19 लाखांचा आहे आणि त्याचं कारण एका ओळीत सांगता येतं, तोवर तो फरक योग्य आहे. भांडवल मात्र 25 लाखच राहिलं पाहिजे. नुसत्या ग्रुपिंगने मालकांचा एक पैसाही वाढत किंवा कमी होत नाही. भांडवलाचं प्रमाण आता 22 टक्क्यांच्या आसपास येतं.

यात दोन शब्दांची जोडी नीट ओळखायला हवी. ‘गेलाइस्टेटे’ म्हणजे दिलेलं, ‘एरहाल्टने’ म्हणजे मिळालेलं. पुढचा शब्द दोन्हीकडे तोच. एकीकडे मालमत्ता, दुसरीकडे देणं.

देण्यांच्या 44 लाखांत दुसराच प्रश्न उभा राहतो. शेड्यूल तीनला प्रत्येक देणं चालू आहे की दीर्घ मुदतीचं हे हवं असतं, म्हणजे बारा महिन्यांत किंवा धंद्याच्या एका चक्रात फिटणारं की नंतरचं. जर्मन साच्यात देण्यांची विभागणी कुणाला द्यायचं यावरून होते: बँकांना, पुरवठादारांना, समूहातल्या कंपन्यांना, इतरांना. मुदत मुख्य ओळीत नसतेच. ती असते ‘डाफोन’ने सुरू होणाऱ्या छोट्या ओळींत. डाफोन म्हणजे ‘त्यापैकी’. बँकांची देणी 26 लाख, आणि खाली बारीक अक्षरांत: त्यापैकी एका वर्षापर्यंतची 6 लाख. म्हणजे 6 लाख अल्प मुदतीच्या कर्जांत, 20 लाख दीर्घ मुदतीच्या. 1 एप्रिल 2021 पासून दीर्घ कर्जाचा वर्षभरात फेडायचा हप्ताही आपल्याकडे अल्प मुदतीच्या कर्जांतच दाखवतात, त्यामुळे इथे जुळणी सोपी झाली आहे.

डाफोनची ओळ ही बेरजेतली नवी रक्कम नव्हे, वरच्याच रकमेचा तुकडा आहे. ‘इतर देणी 7 लाख, त्यापैकी कर अडीच लाख, त्यापैकी सामाजिक सुरक्षा 50 हजार’ असं लिहिलेलं असतं, आणि कुणीतरी त्यांची बेरीज 10 लाख करून ठेवतं. एकूण 44 लाखांऐवजी 47 लाख आले की समजावं, डाफोन मोजला गेला. तो अडीच लाखांचा तुकडा मात्र फेकून द्यायचा नाही. आपल्याकडे सरकारी देणी वेगळी दाखवावी लागतात आणि ती माहिती फक्त तिथेच मिळते.

येण्यांच्या साडेएकोणतीस लाखांत डाफोन आणखी मोलाचा ठरतो. त्यातले 16 लाख गिऱ्हाइकांचे, 3 लाख इतर, आणि साडेदहा लाख ‘फरबुंडनेन उंटरनेमन’कडून, म्हणजे एकाच समूहातल्या कंपन्यांकडून. या साडेदहा लाखांत विकलेल्या मालाचे पैसेही असतात आणि बहीण कंपनीला दिलेलं कर्जही. दोन्ही एकाच ओळीत. आपल्याकडे पहिलं डेटर्समध्ये जातं, दुसरं दिलेल्या कर्जांत. बऱ्याच जर्मन समूहांत सगळ्यांची रोकड दररोज एका मुख्य कंपनीच्या खात्यात ओढली जाते. अशा वेळी कंपनीला रोख वाटणारा पैसाही याच ओळीत येऊन बसतो. तो बँक शिलकेत दाखवायचा मोह टाळावा. ती दुसऱ्या कंपनीकडची येणी आहेत, आणि ती कंपनी अडचणीत आली तर ते पैसे बँकेतल्यासारखे हाताशी नसतात.

एवढं झाल्यावर नमुन्याचा ताळेबंद आपल्या साच्यात असा उभा राहतो. स्थिर मालमत्ता 36 लाख, चालू मालमत्ता 76 लाख. समोर भांडवल 25 लाख, दीर्घ मुदतीची देणी 34 लाख, चालू देणी 53 लाख. दीर्घ मुदतीच्या 34 लाखांत 20 लाख बँकेचे, 13 लाख पेन्शनचे आणि वॉरंटीतला वर्षानंतरचा 1 लाख. प्रत्येक आकड्यासमोर मूळ जर्मन ओळीचं अक्षर आणि क्रमांक लिहिलेला असावा, असा माझा आग्रह असतो. सहा महिन्यांनी ऑडिटर विचारतो, हे 14 लाखांचे क्रेडिटर्स कुठून आले, जर्मन कागदावर तर 11 आहेत. तेव्हा आठवणीवर काही निघत नाही. ‘क 4 मधले 11, ब 3 मधून 3’ एवढी टीप त्याला पुरते.

ताळेबंदाऐवजी खात्यांची यादीच हाती आली तर आणखी एक सावधगिरी घ्यावी. जर्मनीत खात्यांचे क्रमांक बहुतेक ठिकाणी दोन ठरलेल्या यादींपैकी एकीवरून दिलेले असतात: एसकेआर 03 किंवा एसकेआर 04. खाते क्रमांक 1200 पहिल्या यादीत बँक आहे, दुसऱ्या यादीत गिऱ्हाइकांची येणी. एका उपकंपनीसाठी बनवलेली जुळणीची शीट दुसरीला लावली आणि तिची यादी वेगळी निघाली, तर डेटर्स बँकेत जाऊन बसतात आणि बेरीज पुन्हा जुळलेलीच. काम सुरू करायच्या आधी यादी कोणती हा एक प्रश्न इमेलवर विचारला की हे टळतं.

कधी डाव्या बाजूच्या अगदी तळाशी एक लांबलचक नावाची ओळ दिसते: भांडवलाने न भरून निघालेला तोटा. तोटे साठून भांडवल संपून गेलं की जर्मन साचा उजवीकडे उणे भांडवल दाखवत नाही. उरलेला खड्डा डावीकडे नेऊन ठेवतो. ओळ मालमत्तेच्या रांगेत उभी आहे म्हणून ती ‘इतर मालमत्ता’ म्हणून घेतलेली मी स्वतः पाहिली आहे. तिथे काहीच मालमत्ता नसते. ती रक्कम भांडवलात उणे चिन्हाने आणायची, आणि त्याच दिवशी वरिष्ठांच्या कानावर घालायची.

ग्रुपिंग कितीही नीट केलं तरी ते रकमेची जागा बदलतं, रक्कम बदलत नाही. इंड एएस लागू असलेल्या कंपनीसाठी याच्या पुढे दुसरं काम उरतं. जर्मन हिशेबात गुडविल दरवर्षी थोडं थोडं खर्ची टाकतात, इंड एएसमध्ये तसं करत नाहीत. पेन्शनचं आजचं मूल्य काढताना जर्मन कायदा मागच्या दहा वर्षांचा सरासरी व्याजदर धरतो, इंड एएस वर्षअखेरचा बाजारातला दर मागतं. भाड्याने घेतलेली कारखान्याची जागा जर्मन ताळेबंदात बहुधा दिसतही नाही, इंड एएसमध्ये ती मालमत्ता म्हणूनही येते आणि देणं म्हणूनही. जर्मन वर्ष 31 डिसेंबरला संपतं, आपलं 31 मार्चला. इंड एएसला हे तीन महिन्यांचं अंतर चालतं, पण मधल्या काळातले मोठे व्यवहार धरून घ्यावे लागतात. या गोष्टी ग्रुपिंगच्या शीटमध्ये मिसळू नयेत. त्यांचा स्वतंत्र कागद करावा, नाहीतर भांडवल बदललं ते चुकीने की दुरुस्तीने, हे कुणालाच सांगता येत नाही.

वर सांगितलेली जवळजवळ प्रत्येक फोड, म्हणजे मुदती, आगाऊ रकमा, इतर तरतुदींचं पोट, समूहातली येणी, ही ताळेबंदाच्या एका पानावर मिळेलच असं नाही. ती असते सोबतच्या टिपांमध्ये, ज्याला जर्मन ‘आनहांग’ म्हणतात, आणि कंपनीच्या आतल्या तपशिलात. लहान कंपन्यांना तर फक्त अक्षरं आणि रोमन आकड्यांपर्यंतचा ताळेबंद करायची मुभा आहे. त्यात साधे आकडे नसतातच. पण तुम्ही मूळ कंपनीचे लेखापाल आहात, तुम्हाला मागायचा अधिकार आहे. म्हणून जर्मन ताळेबंदाचं एकच पान इमेलने आलं, तर त्यावर काम सुरू करू नका. आधी आनहांग, तरतुदींची फोड आणि देण्यांच्या मुदतींचा तक्ता मागवा, आणि ते हातात आल्यावरच पहिला आकडा टाइप करा.